नव्या योजनेची सूचना एजंटांना पाठवायची आहे: पात्रता, कमिशन आणि प्रशिक्षण कसं मांडावं?

गोदाकाठ

नमस्कार. मी एका खासगी आयुर्विमा कंपनीच्या नाशिक विभागात एजंटांच्या प्रशिक्षणाचं काम पाहतो. ५ जानेवारी २०२६ ला आमची नवी योजना येतेय. दहा वर्षं हप्ता भरायचा, दोन वर्षं थांबायचं आणि मग दरवर्षी ठरलेली रक्कम घ्यायची. बोनस नाही, जे मिळेल ते हमीचं. साधारण अशीच जुनी योजना ३१ डिसेंबरला बंद होतेय.

सगळ्या एजंटांना एकपानी सूचना पाठवायचं काम माझ्याकडे आलंय. नाशिक शहर, सिन्नर, निफाड, मालेगाव, कळवण असा आमचा पसारा. पूर्ण वेळ हेच काम करणारे थोडे. बाकी कुणाचं दुकान आहे, कुणाची द्राक्षबाग, कुणी शिकवण्या घेतं. वरून आलेल्या मुद्द्यांवरून केलेला मसुदा असा आहे:

"पात्रता: ग्राहकाचे वय ८ ते ५५ वर्षे. किमान वार्षिक हप्ता ३०,००० रुपये. १३व्या महिन्याची पर्सिस्टन्सी ७५ टक्के किंवा अधिक असलेल्या एजंटांनाच विक्रीची परवानगी.

कमिशन: पहिल्या वर्षी २० टक्के, दुसऱ्या ते पाचव्या वर्षी १० टक्के, सहाव्या ते दहाव्या वर्षी ५ टक्के. नियमानुसार कमिशन परत घेतले जाऊ शकते.

प्रशिक्षण: नाशिक २ जानेवारी, सिन्नर ७, निफाड ९, मालेगाव १४, कळवण १६ जानेवारी. वेळ सकाळी ११ ते १.३०. प्रशिक्षण व चाचणी पूर्ण झाल्याशिवाय प्रपोजल लॉगिन होणार नाही."

जुन्या योजनेत पहिल्या वर्षी ३० टक्के आणि पुढे सरसकट ५ टक्के होते. ही सूचना वाचून एजंटाला फोन करावा लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. काय बदलू, काय घालू?

निफाडचा_एजंट

दादा, स्पष्ट बोलतो. ही सूचना आली की लोक पहिल्या ओळीतला २० आकडा बघतील आणि पुढचं वाचणारच नाहीत. तीसचे वीस झाले! आणि माझ्या माहितीप्रमाणे पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ टक्के असा सरकारी नियम आहे. कंपनी स्वतःच्या मर्जीने ते कमी कसं करते? सूचनेत आधी याचं उत्तर द्या.

जुना_डीओ

विकास अधिकारी म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. निफाडकर, तुमच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. ३५ टक्के हा आकडा नियमात होता, पण ती कमाल मर्यादा होती. तेवढं द्यायलाच हवं असं कधीच नव्हतं. हप्ते भरायची मुदत कमी असेल तर मर्यादाही कमी असायची. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून ते योजनावार कोष्टकच गेलं. आता विमा नियामकाने कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा ठेवली आहे आणि तिच्या आत कमिशन किती, कसं द्यायचं ते कंपनीचं संचालक मंडळ धोरण करून ठरवतं. त्यामुळे २० टक्के ठेवणं नियमात बसतं. परवडतं का, हा वेगळा प्रश्न.

पण कमी का झालं ते सूचनेत दोन ओळींत सांगावं, नाहीतर लोक आपापली कारणं लावतील. पूर्वी साधारणपणे दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय पॉलिसी सोडणाऱ्याला काही मिळत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की ग्राहकाला विशेष सरेंडर मूल्य द्यावं लागतं. म्हणजे ग्राहक दुसऱ्या वर्षी निघून गेला तर कंपनीला त्याचेही पैसे द्यायचे आणि एजंटाला दिलेलं मोठं कमिशनही सोसायचं. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी पहिल्या वर्षाचा भार उचलून पुढच्या वर्षांवर टाकला. तुमच्या मसुद्यात नेमकं तेच झालंय, फक्त ते कुठे दिसत नाही.

टक्के लिहू नका असं मी म्हणत नाही. पण एक पॉलिसी घेऊन रुपयांत मांडून दाखवा. एजंट टक्क्यांत विचार करत नाही, कमिशन बिलात विचार करतो.

हिशेबनीस

डीओ काकांना दुजोरा. मी एजंटांचे आयकर विवरण भरतो, त्यामुळे कमिशन बिलं रोज बघतो. ६०,००० रुपये वार्षिक हप्त्याची पॉलिसी घेऊन मांडून पाहिलं.

जुनी योजना: पहिल्या वर्षी १८,००० आणि पुढची नऊ वर्षं दरवर्षी ३,०००. दहा वर्षांत एकूण ४५,०००.

नवी योजना: पहिल्या वर्षी १२,०००, पुढची चार वर्षं दरवर्षी ६,०००, नंतरची पाच वर्षं दरवर्षी ३,०००. एकूण ५१,०००.

म्हणजे शेवटी नव्यात ६,००० जास्त. पण खरं बघायचं ते मध्येच आहे. दोन वर्षं संपली तेव्हा जुन्यात हातात २१,००० असते आणि नव्यात १८,०००. तिसऱ्या वर्षी दोन्हीकडे बरोबर २४,०००. चौथ्या वर्षापासून नवी पुढे जाते, २७,००० विरुद्ध ३०,०००. ज्याचे ग्राहक तिसरा हप्ता भरतात त्याचं नुकसान नाही, आणि चौथा भरतात त्याचा फायदा. ज्याचे ग्राहक एक-दोन हप्त्यांनंतर गळतात त्याला ही योजना जड जाणार. सूचनेत हे चार आकडे टाकलेत तर निफाडकरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

यातून टीडीएस जाईल तो वेगळा. एप्रिल २०२५ पासून व्यक्ती असलेल्या एजंटाला तो ५ ऐवजी २ टक्के झालाय आणि वर्षाचं कमिशन २०,००० च्या पुढे गेलं तरच कापतात. तेव्हा १२,००० वर फार तर २४० रुपये, आणि तेही विवरण भरलं की हिशेबात येतात.

निफाडचा_एजंट

हिशेब पटला. पण माझे निम्म्याहून जास्त ग्राहक मासिक हप्त्याचे. त्यांचं काय?

हिशेबनीस

हेही सूचनेत हवं. कमिशन हप्ता जमा झाल्यावरच मिळतं. मासिक पद्धतीत वर्षाचा आकडा साधारण थोडा वाढतो. समजा महिन्याला ५,२५० आला, तर पहिलं वर्षभर दरमहा १,०५० रुपये कमिशन. वर्षाचे १२,००० एकदम येणार नाहीत. तीन महिन्यांत ग्राहक थांबला तर तुमचे ३,१५० च होतात, आणि फॉर्म भरण्यापासून मेडिकलपर्यंतची पायपीट मात्र पूर्ण केलेली असते. मागच्या योजनेच्या वेळी माझ्या एका अशिलाने वर्षाचं कमिशन येणार म्हणून गाडीचं बुकिंग केलं होतं. सूचनेत वार्षिक हप्त्याचं उदाहरण देऊन मासिकबद्दल गप्प राहिलं की असं होतं.

सायली_बी

मला पण एजंट व्हायचंय. पात्रतेत शिक्षण लिहिलेलं नाही. बारावी झाली आहे, चालेल का? आणि २ जानेवारीच्या ट्रेनिंगला मी येऊ शकते का? सध्या एका आरोग्य विमा कंपनीचं काम करते.

जुना_डीओ

सायलीताई, हा धागा आधीच एजंट असलेल्यांना पाठवायच्या सूचनेचा आहे. त्या दिवशी जे शिकवतील ते एका योजनेपुरतं असेल. एजंट होण्यासाठी दहावी पास पुरे. २५ तासांचं प्रशिक्षण आणि मग आयसी ३८ ची परीक्षा. पन्नास प्रश्न असतात, पास व्हायला ३५ टक्के लागतात. आरोग्य विम्याचं काम चालू ठेवून एका आयुर्विमा कंपनीची एजन्सी घेता येते. दोन आयुर्विमा कंपन्यांची एकाच वेळी नाही घेता येत. आयुर्विम्याचा भाग तुम्हाला वेगळा द्यावा लागेल, जवळच्या शाखेत विचारा.

आणि गोदाकाठ, हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे. मसुद्यात 'पात्रता' या एकाच मथळ्याखाली ग्राहक आणि एजंट दोघं कोंबलेत. 'कोण विकू शकतो' आणि 'कोणाला विकता येते' असे दोन वेगळे परिच्छेद करा. ग्राहकाच्या अटी एजंट आपल्या वहीत उतरवून घेतो, त्याच्या स्वतःच्या अटी तो एकदाच वाचतो.

वैशाली_मालेगाव

मी मालेगावहून. दोन गोष्टी, दोन्ही माझ्या जिवाजवळच्या.

पहिली, ते "नियमानुसार कमिशन परत घेतले जाऊ शकते". हे वाक्य मी माझ्या कंपनीच्या कागदावर असंच वाचलं होतं आणि पुढे गेले होते. माझ्या एका ग्राहकाच्या घरात आजारपण आलं. चौदाव्या महिन्यात त्यांनी पॉलिसी सोडली. त्याच्या पुढच्या कमिशन बिलात मला उणे रक्कम आली. त्या महिन्याची इतर ग्राहकांची रिन्यूअल कमिशनं त्यात वळती झाली. मी शाखेत विचारलं तर "नियमात आहे" म्हणाले, पण कुठला नियम, किती महिन्यांपर्यंत, पूर्ण की निम्मं, हे कुणी लेखी दाखवलं नाही. पैशापेक्षा ते न दाखवणं मला जास्त लागलं. तुम्ही ते लिहा, दादा. कोणत्या कारणासाठी, केव्हापर्यंत, किती. तीन ओळी लागतील.

दुसरी, १४ जानेवारीला संक्रांत आहे. मालेगावच्या बॅचमध्ये आम्ही बायका बऱ्याच आहोत. त्या दिवशी सकाळी ११ वाजता कोण येणार? आदल्या दिवशी भोगी, तोही नको.

गोदाकाठ

वैशालीताई, संक्रांतीचं ध्यानात घेतो, तारीख बदलायला सांगतो. परत घेण्याबद्दल मी वरिष्ठांना विचारलं. आमच्या योजनेत असं आहे: फ्री लूकमध्ये पॉलिसी परत केली किंवा पहिला चेक वटला नाही तर पूर्ण कमिशन परत. पहिला हप्ता भरल्यापासून २४ महिन्यांच्या आत सरेंडर केली तर पहिल्या वर्षाच्या कमिशनचा अर्धा भाग परत. मृत्यूचा दावा आला तर काहीही परत नाही. लॅप्स झालेल्या पॉलिसीबद्दल अजून स्पष्ट उत्तर नाही.

हिशेबनीस

मग तेच ६०,००० चं उदाहरण इथेही चालवा. ग्राहकाने दोन हप्ते भरले आणि वीसाव्या महिन्यात सरेंडर केली. एजंटाकडे आले होते १२,००० अधिक ६,०००, म्हणजे १८,०००. परत जाणार १२,००० चे निम्मे, ६,०००. हातात राहिले १२,०००. हे वाचलेला एजंट विकतानाच ग्राहकाला विचारेल की दहा वर्षं हप्ता झेपेल का.

फ्री लूक आता ३० दिवसांचा आहे हेही लिहा. पूर्वी १५ दिवसांचा असायचा, अनेकांच्या डोक्यात अजून तोच आहे. ते सोळाव्या दिवशी कमिशन आपलं झालं असं धरून चालतात.

अजून एक गोष्ट विचारून घ्या, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी राहिला नाही. ग्राहकाला उत्तम. पण एजंटाच्या कमिशनवरचा कर कंपनीच भरते, आणि पूर्वी तो तिला हप्त्यावरच्या करातून वळता करून घेता यायचा. तो मार्ग बंद झाला. म्हणून काही कंपन्यांनी कमिशन 'करासह' धरायला सुरुवात केली आहे. तुमचे २० टक्के करासह असतील तर १२,००० चे १०,१६९ होतात. एका पॉलिसीत अठराशेचा फरक पडतो. मी वर मांडलेलं सगळं गणित करावेगळं आहे. सूचनेत हा एक शब्द नसेल तर पहिलं बिल आलं की तुमचा फोन थांबणार नाही.

गोदाकाठ

हे माझ्या कागदांत कुठेच नाही. लेखा विभागाला आजच मेल करतो.

पुणेरी_प्रशिक्षक

मी दुसऱ्या कंपनीत हेच काम करते. ग्राहकाच्या पात्रतेत एक त्रुटी आहे. "वय ८ ते ५५" म्हणजे कुठलं वय? मागच्या वाढदिवसाचं की जवळच्या वाढदिवसाचं? ५५ वर्षं ७ महिन्यांचा ग्राहक पहिल्या पद्धतीने ५५ चा, म्हणजे चालतो. दुसऱ्या पद्धतीने ५६ चा, म्हणजे प्रपोजल परत. वेगवेगळ्या योजनांत पद्धत वेगळी असते आणि एजंट जुन्या योजनेची सवय नव्याला लावतो. सूचनेत हेच उदाहरण द्या, व्याख्या देऊ नका.

आणि आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर पॉलिसी घेतली तर हप्ता भरणाऱ्या पालकाच्या उत्पन्नाचे कागद लागतात, हेही लिहा. निम्मी प्रपोजल तिथे अडतात.

आता तो ७५ टक्क्यांचा नियम. ज्याची एजन्सी सहा-आठ महिन्यांची आहे, त्याच्या कोणत्याही पॉलिसीचा तेरावा महिना आलेलाच नाही. त्याची १३व्या महिन्याची पर्सिस्टन्सी काढताच येत नाही. आमच्याकडे अशा वेळी प्रणालीत शून्य दिसायचं, आणि शून्य ७५ पेक्षा कमी म्हणून नव्या मुलांची लॉगिन बंद झाली. सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच होता. ज्यांच्या एजन्सीला अजून पंधरा महिने झालेले नाहीत त्यांना ही अट लागू नाही, असं वाक्य घाला. आणि ही टक्केवारी कोणत्या तारखेची धरणार तेही. ३० नोव्हेंबरची की ३१ डिसेंबरची, यावर एखादा आत किंवा बाहेर जाऊ शकतो.

निफाडचा_एजंट

माझी ७३ आहे. द्राक्षाला अवकाळीने मारलं त्या वर्षी दोन बागायतदारांचे हप्ते राहिले. म्हणजे मी बाहेर?

पुणेरी_प्रशिक्षक

दादा, तुमच्या पॉलिसी लॅप्स होऊन किती दिवस झाले? पुनरुज्जीवनाची मुदत असते. ग्राहकाने थकलेले हप्ते भरून त्या चालू केल्या तर आकडा सुधारू शकतो. पण तो कोणत्या तारखेला मोजणार यावर ते ठरेल. म्हणूनच म्हटलं, तारीख लिहा. ती आधी कळली तर तुमच्यासारख्या माणसाला दोन ग्राहकांकडे जाऊन बसायला वेळ मिळतो. लॉगिन बंद झाल्यावर कळून उपयोग नाही.

जुना_डीओ

ही अट मला मुळातच पटत नाही. स्पर्धेसाठी, बक्षिसासाठी, क्लबसाठी पर्सिस्टन्सी लावा. विकायचा हक्कच काढला तर तो एजंट दुसरी कुठली तरी योजना ग्राहकाच्या गळ्यात मारणार, जी कदाचित ग्राहकाला कमी सोयीची असेल.

पुणेरी_प्रशिक्षक

काका, मी असहमत आहे. दोन वर्षांत सरेंडर झाली तर निम्मं कमिशन परत जाणाऱ्या योजनेत कमी पर्सिस्टन्सीचा एजंट स्वतःच अडकतो. त्याला थोपवणं त्याच्याही भल्याचं. पण हे गोदाकाठांच्या हातात नाही, तेव्हा सोडू.

शाखा_नगररोड

कमिशनचे टक्के लेखी पाठवू नका, निदान व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. संध्याकाळपर्यंत ते ग्राहकाच्या मोबाइलवर असतात. मग ग्राहक म्हणतो, "तुम्हाला १२,००० मिळतायत ना, त्यातले सहा मला सोडा." कमिशनमधून ग्राहकाला सूट देणं विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे, दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाच्या पोर्टलवर लॉगिन करून दिसेल असं ठेवा आणि सूचनेत फक्त "कमिशनचा तपशील पोर्टलवर" असं लिहा.

वैशाली_मालेगाव

आणि ज्यांना पोर्टल उघडता येत नाही त्यांनी? माझ्या ओळखीच्या दोन ज्येष्ठ एजंट आहेत, त्यांचं सगळं काम कागदावर. लपवल्यामुळे ग्राहक सूट मागायचा थांबत नाही, तो तशीही मागतो. "नाही देता येत, कायद्याने बंदी आहे" हे सांगायची हिंमत एजंटात हवी.

जुना_डीओ

दोघांचंही ऐकून माझं मत कागदाकडे झुकतं, पण पसरणाऱ्या संदेशाकडे नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी छापील पान हातात द्या. संदेशात फक्त पात्रता आणि वेळापत्रक. पानावर वर ठळक लिहा की हे फक्त एजंटांसाठी आहे, ग्राहकांना द्यायचं नाही. एजंटांपुरता असलेला कागद जाहिरातीत मोडत नाही, पण तोच ग्राहकांत फिरला की जाहिरातीचे नियम डोक्यावर येतात. ग्राहकाला दाखवायचं ते कंपनीने मंजूर केलेलं, योजनेचा युआयएन छापलेलं माहितीपत्रक आणि त्या ग्राहकाच्या नावाचं लाभाचं कोष्टक, एवढंच.

बरं, वेळापत्रकातली मोठी अडचण कुणी बोललं नाही. योजना ५ जानेवारीला सुरू होणार. नाशिकवाल्यांचं प्रशिक्षण २ ला. कळवणवाल्यांचं १६ ला. म्हणजे अकरा दिवस नाशिकचा एजंट कळवणला जाऊन विकू शकतो आणि कळवणचा आपल्याच गावात विकू शकत नाही. यावरून भांडणं होतात, मी ती सोडवली आहेत. सगळ्यांचं प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी संपवा. नाही जमलं तर लॉगिन सगळ्यांसाठी एकाच दिवशी खुलं करा.

निफाडचा_एजंट

निफाडला सकाळी ११ ठेवू नका. जानेवारीत द्राक्षाची काढणी सुरू होते, बागायतदार एजंट सकाळी बागेतच असतो. दुपारी ३ नंतर ठेवा. आणि अडीच तास योजनेच्या चित्रफिती दाखवत बसू नका. मागच्या वेळी तेच झालं. टॅबवर लाभाचं कोष्टक काढायला कुणी शिकवलं नाही, मला ते मुलाकडून शिकावं लागलं.

पुणेरी_प्रशिक्षक

निफाडकर बरोबर बोलले. माझा क्रम असा असतो: पहिला पाऊण तास योजना, मग तासभर प्रत्येकाने आपापल्या टॅबवर खऱ्या ग्राहकाचं कोष्टक काढायचं, मग अर्धा तास प्रश्न आणि शेवटी चाचणी. मधल्या तासात कळतं कोण अडकतोय. या योजनेत हमीचीच रक्कम आहे, त्यामुळे जुन्या बोनसच्या योजनांसारखे ४ आणि ८ टक्क्यांचे दोन रकाने कोष्टकात नसतील. सवयीने एजंट "आठ टक्क्यांनी एवढे मिळतील" असं बोलून जातो. त्या तासात त्यांच्या तोंडून ते निघालं की तिथेच थांबवते.

चाचणीनंतर लॉगिन किती वेळात खुलं होतं तेही लिहा. आमच्याकडे दोन कामाचे दिवस लागायचे. शुक्रवारी पास झालेला एजंट शनिवारी ग्राहकाकडे बसतो आणि प्रपोजल स्वीकारलं जात नाही. ग्राहकासमोर त्याची पंचाईत होते.

गोदाकाठ

खूप उपयोग झाला. काय ठरलं आणि काय अडलंय ते लिहितो.

मालेगाव आता शनिवारी ३ जानेवारीला. कळवण आणि सिन्नरचे ३० डिसेंबरला, निफाड २९ ला दुपारी ३ वाजता. नाशिक २ जानेवारीलाच राहील. ज्यांची बॅच चुकेल त्यांच्यासाठी ८ जानेवारीला संध्याकाळी ऑनलाइन. लॉगिन सगळ्यांचं ५ तारखेलाच खुलं करा, असं मी लेखी मागितलंय. नंतर चाचणी देणाऱ्यांना दोन कामाचे दिवस लागतील हे सूचनेत घातलंय.

कमिशनचं छापील पान असेल, संदेशात टक्के नसतील. परिच्छेद असा झालाय:

"६०,००० रुपये वार्षिक हप्ता, दहा वर्षे. पहिल्या वर्षी १२,०००. दुसऱ्या ते पाचव्या वर्षी दरवर्षी ६,०००. सहाव्या ते दहाव्या वर्षी दरवर्षी ३,०००. एकूण ५१,०००. जुन्या योजनेत हीच बेरीज ४५,००० होती. तिसऱ्या वर्षाअखेर दोन्ही योजनांत आपल्याकडे २४,००० जमा होतात, त्यापुढे नवी योजना जास्त देते. मासिक हप्ता असल्यास कमिशन दरमहा, हप्ता जमा झाल्यावर. ग्राहकाने ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये पॉलिसी परत केल्यास किंवा पहिला चेक न वटल्यास पूर्ण कमिशन परत. २४ महिन्यांच्या आत सरेंडर केल्यास पहिल्या वर्षाच्या कमिशनचा अर्धा भाग, म्हणजे वरील उदाहरणात ६,००० परत. मृत्यूदाव्यात काही परत नाही."

वय मागच्या वाढदिवसाचं धरायचं, हे नक्की झालं. ५५ वर्षं ७ महिन्यांचं उदाहरण घातलंय. नव्या एजंटांना पर्सिस्टन्सीची अट नाही, तेही मान्य झालं. मोजायची तारीख ३१ डिसेंबर आहे, निफाडकर.

लेखा विभागाचं जीएसटीबद्दल उत्तर आलेलं नाही. लॅप्स पॉलिसीचंही नाही. ती दोन उत्तरं येईपर्यंत छपाईला देत नाही.

निफाडचा_एजंट

३१ डिसेंबर म्हणजे वेळ आहे. एका बागायतदाराशी बोललो, पहिल्या तोडणीचे पैसे आले की भरतो म्हणाला. तोडणी जानेवारीत. बघू, निम्मा तरी आधी काढायला सांगतो.

हिशेबनीस

निम्मा भरून चालू होणार नाही, थकलेले सगळे हप्ते व्याजासह लागतील. शाखेतून आधी आकडा काढून घ्या आणि मगच त्याच्याकडे जा.

जुना_डीओ

गोदाकाठ, एक राहिलं. ३१ तारखेला जुनी योजना बंद होतेय. ज्यांची प्रपोजल आत आहेत पण मेडिकल बाकी आहे, त्यांचं काय? पैसे भरलेत, रिपोर्ट जानेवारीत येणार. ती जुन्यात धरणार की नव्या योजनेचा फॉर्म पुन्हा भरायला लावणार? कमिशनही त्यावर बदलतं. हे विचारून घ्या. आणि "जुनी बंद होतेय, आजच घ्या" असा संदेश एजंटांनी फिरवू नये, हेही लिहा. घाईत घेतलेली पॉलिसीच पहिल्यांदा सुटते.

गोदाकाठ

काका, विचारतो. सध्या अशी चौदा प्रपोजल आत आहेत, त्यातली पाच वैशालीताईंच्या मालेगावची.

वैशाली_मालेगाव

मालेगावात मेडिकलचं केंद्र एकच आहे, तिथे आठवडाभर थांबावं लागतं. त्या पाच जणांना नाशिकच्या केंद्रावर २६-२७ तारखेला वेळ मिळवून देता आली तर रिपोर्ट ३१ च्या आत येतील. तेवढं तुम्हाला जमतं का बघा, मी त्यांना गाडीने पाठवायची व्यवस्था करायला सांगते.